पत्रक मोठं, कॅप्शन छोटं: दिवाळी पहाटेचं निवेदन कापताना

सांस्कृतिक संस्थांची सोशल मीडियाची कामं करू लागलात की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुमच्या हातात एक लांबलचक निवेदन ठेवतं आणि म्हणतं, "याचं जरा छोटं करून टाका." छोटं करणं सोपं असतं. छोटं करताना रसिक चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या दारात उभा राहणार नाही, हे बघणं अवघड. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाइतका चांगला सराव दुसरा नाही, कारण घोळाच्या सगळ्या जागा त्यात एकत्र सापडतात.

नमुन्यासाठी एक निवेदन घेऊ. मजकूर मी रचलाय, पण घडण अगदी नेहमीची आहे:

"सालाबादप्रमाणे यंदाही दीपावलीच्या मंगल पर्वानिमित्त आमच्या संस्थेच्या वतीने रसिक श्रोत्यांसाठी अभंग व नाट्यगीतांच्या 'दिवाळी पहाट' या सुरेल मैफलीचे आयोजन करण्यात आले आहे. नरकचतुर्दशीच्या पवित्र दिनी पहाटे ठीक ५.३० वाजता यशवंतराव चव्हाण नाट्यगृह येथे ही मैफल संपन्न होईल. विनामूल्य प्रवेशिका शनिवार दि. १८ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी ९ ते १२ व सायं. ५ ते ८ या वेळेत संस्थेच्या कार्यालयात उपलब्ध होतील. रसिकांनी पहाटे ५ पर्यंत आसनस्थ व्हावे, ही नम्र विनंती."

यानंतर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रायोजक आणि "बहुसंख्येने उपस्थित राहावे" येतंच.

नवखा माणूस लगेच विशेषणं खोडायला लागतो. त्याआधी मी मजकुरातली प्रत्येक तारीख, वेळ आणि जागा अधोरेखित करून तिच्यापुढे तिचं काम लिहितो. इथे मोजून पाहा. कार्यक्रमाचा दिवस तिथीत आहे, तारखेत नाही. जी एकच तारीख छापली आहे ती प्रवेशिका वाटपाची. वेळा चार: मैफल ५.३०ची, आसनस्थ होण्याची ५, आणि कार्यालयाच्या दोन. जागा दोन, नाट्यगृह आणि कार्यालय. डोळे झाकून कापलं की हमखास असं उरतं: "दिवाळी पहाट, १८ ऑक्टोबर, ५.३०". वाक्य सुटसुटीत, माहिती मात्र पूर्ण चुकीची. वाचणाऱ्याला शंका येण्याचंही कारण नाही, कारण १८ला धनत्रयोदशीच होती.

तिथी कंसात राहू द्या, पण तारखेची जागा तिला देऊ नका. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन महाराष्ट्रातल्या पंचांगांत २१ ऑक्टोबरला होतं आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी २०ला. त्या वर्षी नुसतं "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी" लिहिलं असतं तर दोन शेजारी दोन वेगळ्या दिवशी निघाले असते. आपल्या उदाहरणातली नरकचतुर्दशी सोमवारी, २० ऑक्टोबरला आली. वार लिहिणंही टाळू नका. तो तुमचा पडताळा आहे. मागच्या वर्षीची पोस्ट कॉपी करून नुसती तारीख बदलली की वार जुनाच राहतो. २० ऑक्टोबर २०२४ला रविवार होता. कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळते का ते बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

वेळेच्या बाबतीत "पहाटे" हा शब्द कापायचा नाही, कितीही जागा वाचत असली तरी. दिवाळीत संध्याकाळच्या मैफलीही असतात, त्यामुळे एकट्या "५.३०"ला काही अर्थ नाही. "आसनस्थ व्हावे"ची पाचची वेळ मात्र वर घेऊ नका. एका कॅप्शनमध्ये पहाटेच्या दोन वेळा दिसल्या की लोक हमखास विचारतात, "नक्की किती वाजता?" आणि "उद्या", "येत्या सोमवारी" हे शब्द पूर्ण वर्ज्य. स्टेटस २४ तास राहतं, फॉरवर्ड झालेली पोस्ट त्याहून कितीतरी जास्त फिरते, आणि प्रत्येक वाचणाऱ्याचं "उद्या" वेगळं असतं.

जागेचं नाव संस्थेतल्या लोकांना इतकं पाठ असतं की गाव लिहायचं कुणाला सुचत नाही. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं नाट्यगृह कोथरूडला आहे आणि सेंटर मुंबईत नरिमन पॉइंटला. पोस्ट पुण्याबाहेर पोचतेच, म्हणून भाग आणि शहर दोन्ही हवं.

मग पहिल्या दोन ओळी अशा होतात:

दिवाळी पहाट, सोमवार २० ऑक्टोबर, पहाटे ५.३०
यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, कोथरूड, पुणे

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालतं, पण फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशेच दिसतात, पुढचं बोट लावल्यावर. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "नाट्यगृह" डोळ्यांना चार अक्षरी वाटतं, मोजणीत आठ भरतं. तरीही वरच्या दोन ओळी ऐंशीच्या आसपास बसतात. म्हणजे "सालाबादप्रमाणे"ला वर जागा दिली नाही तर तारीख, वेळ, स्थळ तिन्ही न उघडता वाचता येतं.

तिसऱ्या ओळीत: "अभंग आणि नाट्यगीतं. प्रवेश विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक." मग एक ओळ मोकळी सोडून "प्रवेशिका:" असं लेबल देऊन कार्यालय, तारीख आणि वेळा. दुसरी तारीख पहिलीपासून दूर आणि स्वतःच्या नावाखाली असली की गोंधळ होत नाही. आसनस्थ होण्याची विनंतीही इथेच. नकाशाची लिंक इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकून उपयोग नाही, तिथे ती दाबता येत नाही. व्हॉट्सॲपवर जरूर टाका.

आता खरी अडचण, जी भाषेची नाहीच. सचिवकाका फोन करतात: "अहो, अध्यक्षांचं नाव कुठंय?" इथे वाद घालू नये. मी नावं कापत नाही, खाली नेतो, आणि त्यांना दोन्ही आवृत्त्या मोबाईलवर दाखवतो, कागदावर नाही. नाव वर ठेवलं की "अधिक"च्या आड वेळ गेलेली त्यांना स्वतःलाच दिसते. तरीही कुणी अडूनच बसलं तर नाव पोस्टरवर मोठं करायचं. पोस्टरवर जागा असते, आणि मानपानाला मोठा टाइप पुरतो.

पोस्टरवर तेच तीन तपशील त्याच शब्दांत हवेत, कारण चित्र फॉरवर्ड होताना कॅप्शन मागे राहू शकतं. उलट तपशील फक्त चित्रात ठेवले तर ते कॉपी करता येत नाहीत आणि दृष्टिहीन रसिकांच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाहीत. डिझाइन करणाऱ्याकडून पोस्टर आलं की मी कॅप्शन शेजारी ठेवून आकडान् आकडा जुळवतो.

पोस्ट करण्याआधी कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. वाचून झाल्यावर फोन काढून घ्या आणि विचारा: कधी, किती वाजता, कुठे? उत्तर देताना ते जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती. हे टाळलं तर तेच प्रश्न कमेंटमध्ये येतात, आणि एकाच प्रश्नाच्या दोन कमेंट आल्या की उत्तरं देत बसण्याऐवजी कॅप्शनच बदलायचं.

स्थळ किंवा वेळ ऐनवेळी बदलली तर जुन्या कॅप्शनमध्ये गुपचूप आकडा बदलून भागत नाही, कारण जुनं चित्र ग्रुपांमध्ये फिरतच असतं. नवी पोस्ट "वेळेत बदल"ने सुरू करा, आधीची आणि नवी वेळ दोन्ही लिहा, चित्राचा रंग वेगळा घ्या. आधीची वेळ दिली नाही तर दोन पोस्ट हातात असलेल्या माणसाला कुठली नवी, हे कळत नाही. जुनी पोस्ट मी उडवत नाही; तिच्या कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत बदल लिहितो, म्हणजे तिथे पोचलेल्यालाही तो सापडतो.