पन्नास की ऐंशी? डबल सॅम्पलिंगमध्ये तपासणी खरंच किती वाचते

इनकमिंग इन्स्पेक्शनला नव्याने बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, ‘डबल प्लॅन लाव, काम कमी होतं.’ डबल प्लॅन म्हणजे आधी छोटा नमुना तपासायचा आणि त्यावरून निकाल लागला नाही तरच दुसरा काढायचा. काम कमी होतं हे अर्धंच खरं आहे. काम किती कमी होणार हे येणाऱ्या मालावर ठरतं आणि दुसरा नमुना काढायला किती खटाटोप पडतो त्यावरही. दोन्ही गोष्टी मोजता येतात, आणि त्यासाठी कॅल्क्युलेटर पुरतो.

एकच उदाहरण धरू. 1000 बुशचा लॉट आला आहे. प्रत्येक बुशचं भोक गो–नो गो प्लग गेजने तपासायचं आणि कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेला धारदार कंगोरा, आहे का ते डोळ्यांनी पाहायचं. एका नगाला दीड मिनिट लागतं. एक्यूएल, म्हणजे सरासरीने चालवून घ्यायची खराबीची टक्केवारी, 1.0; सामान्य तपासणी पातळी दोन, नॉर्मल इन्स्पेक्शन. आयएसओ 2859-1 मध्ये (आपल्याकडे तेच आयएस 2500 भाग 1) 501 ते 1200 नगांच्या लॉटला कोड लेटर ‘जे’ मिळतं. सिंगल प्लॅन सांगतो: 80 नग काढा, 2 पर्यंत खराब निघाले तर लॉट घ्या, 3 निघाले की नाकारा.

त्याच ‘जे’चा डबल प्लॅन असा आहे. आधी 50 नग काढा. एकही खराब नसेल तर लॉट पास. 3 किंवा जास्त खराब असतील तर तिथेच नापास. 1 किंवा 2 निघाले तर निकाल लटकतो. मग आणखी 50 काढायचे आणि दोन्ही नमुन्यांतले खराब नग मिळून मोजायचे. एकूण 3 पर्यंत असतील तर पास, 4 झाले की नापास.

म्हणजे डबलमध्ये एखाद्या लॉटला 50 नग लागतात, एखाद्याला 100. सिंगलला नेहमी 80. ‘काम कमी होतं’ हे विधान सरासरीबद्दल आहे, हातातल्या लॉटबद्दल नाही. आज दुपारी आलेल्या लॉटला 100 नग तपासावे लागले तर प्लॅन चुकला असं नव्हे.

सरासरी काढायला एकच गोष्ट हवी: पहिल्या 50 मध्ये नेमके 1 किंवा 2 खराब निघण्याची शक्यता. तिला 50 ने गुणून पहिले 50 मिळवले की अपेक्षित नमुनासंख्या मिळते. पायथन हाताशी असेल तर एवढंच पुरतं:

```python
from math import comb
def b(k, n, p):
    return comb(n, k) * p**k * (1-p)**(n-k)
p = 0.01
d = b(1, 50, p) + b(2, 50, p)
print(d, 50 + 50*d)
```

पुरवठादाराचा माल 1 टक्का खराब असेल तर शंभरातले साधारण 60 लॉट शून्यावरच पास होतात, 38 दुसऱ्या नमुन्यापर्यंत जातात आणि उरलेला एखाद-दुसरा पहिल्याच फेरीत नापास होतो. सरासरी 69 नग. सिंगलच्या 80 पेक्षा 11 कमी. माल आणखी चांगला, म्हणजे अर्धा टक्का खराब असेल, तर दुसरा नमुना 22 टक्के वेळाच लागतो आणि सरासरी 61 वर येते. दुसऱ्या टोकाला 10 टक्के खराब माल घ्या. तिथे पहिल्या 50 मध्येच बहुतेक वेळा 3 सापडून जातात आणि सरासरी 55 वर उतरते.

अडचण मधल्या मालाची. 2 टक्क्यांना सरासरी 78 होते. 3 टक्क्यांच्या आसपास ती सर्वात वर जाते, 79.7 पर्यंत. 80 ती कधीच ओलांडत नाही, हे तक्ता करणाऱ्यांचं कौतुकच. पण नगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या बचतीला बचत म्हणायचं का हा प्रश्न आहे. माल उघड चांगला किंवा उघड वाईट असेल तर पहिला नमुनाच बोलतो, संशयास्पद असेल तर दुसरा लागतो. कुठल्याही डबल प्लॅनचा सरासरीचा आलेख म्हणूनच मध्ये उंचवटा घेऊन येतो.

दोन्ही प्लॅन तितकेच कडक आहेत का, हेही पाहून घ्यावं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. 1 टक्का खराब लॉट पास होण्याची शक्यता सिंगलमध्ये 95 टक्के, डबलमध्ये साडेसत्त्याण्णव. 6 टक्के खराब लॉट सिंगल साडेतेरा टक्के वेळा सोडतो, डबल जवळपास पंधरा टक्के वेळा. डबल किंचित सैल आहे, पण एवढ्या फरकावरून निवड करू नये. निवड करायची ती कामाच्या हिशेबावर, आणि तो नगांवर संपत नाही.

दुसरा नमुना म्हणजे नुसते आणखी 50 नग नव्हेत. होल्ड एरियातून क्रेट परत काढायचे, फोर्कलिफ्टची वाट पाहायची, क्रेट सोडून वेगवेगळ्या थरांतून नग घ्यायचे, गेज पुन्हा मास्टरवर पाहायचा, रिपोर्टची दुसरी ओळ भरायची. या वरखर्चाला 25 मिनिटं लागतात असं धरू. पहिल्या नमुन्याचा वरखर्च दोन्ही प्लॅनना सारखाच आहे, तो सोडून द्या. 1 टक्का मालावर डबल 11 नगांची, म्हणजे साधारण 16 मिनिटांची बचत करतो. त्यातून 25 मिनिटांचे 38 टक्के, म्हणजे साडेनऊ मिनिटं वजा होतात. उरतात सुमारे 7 मिनिटं. फायदा आहे, पण ‘काम कमी होतं’ म्हणणाऱ्याच्या आवाजाएवढा नाही.

हाच हिशेब उलटा केला की जास्त उपयोगी पडतो. वाचलेल्या नगांची मिनिटं काढा आणि त्यांना दुसऱ्या नमुन्याच्या शक्यतेने भागा. जो आकडा येईल तेवढा वरखर्च डबल प्लॅन सहन करू शकतो. 1 टक्क्याला ही मर्यादा 43 मिनिटं येते, अर्ध्या टक्क्याला तब्बल 130. 2 टक्क्यांना ती सहा मिनिटांच्याही खाली जाते आणि 3 टक्क्यांना एका मिनिटाच्या. 2 टक्के खराब माल देणाऱ्या पुरवठादारावर 25 मिनिटांच्या वरखर्चासह डबल लावणं म्हणजे सरळ तोटा. पुरवठादाराचे मागचे दहा-पंधरा लॉट काढून त्याची खराबीची सरासरी बघण्याआधी प्लॅन निवडू नये ते यासाठी. ती सरासरी पहिल्या नमुन्यांवरूनच काढायची, आणि म्हणूनच पहिल्या 50 पैकी पंचविसाव्या नगालाच 3 खराब सापडले तरी उरलेले तपासून टाकतात. दुसऱ्या नमुन्यात मात्र एकूण 4 होताच हात थांबवायला हरकत नाही. वर दिलेल्या सरासऱ्या तसं न थांबता काढल्या आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात काम थोडं कमीच भरेल.

काही ठिकाणी यावर तोड म्हणून सुरुवातीलाच 100 नग काढून दोन ट्रेमध्ये ठेवतात आणि दुसरा ट्रे लागला तरच उघडतात. चांगली पद्धत आहे, पण फुकट नाही. जादा 50 नग दर वेळी काढून परत ठेवायला 10 मिनिटं जात असतील, तर 1 टक्का मालावर साडेनऊ आणि दहा अशी बरोबरीच होते. अर्ध्या टक्क्यावर गरजेनुसार काढणंच स्वस्त पडतं. 2 टक्क्यांना 14 विरुद्ध 10, म्हणजे ट्रे बरा, पण तिथे मुळात सिंगल त्याहून बरा. शिवाय वरच्या क्रेटमधले 50 पहिल्या ट्रेत आणि खालचे दुसऱ्यात असं झालं तर दोन नमुने दोन वेगळ्या मालांचे होतात. आधी 100 एकत्र मिसळावेत, मग वाटावेत.

जिथे चाचणीलाच दिवस लागतात, उदाहरणार्थ प्लेटिंगची सॉल्ट स्प्रे, तिथे डबलचा विचार सोडून द्यावा. दुसरा नमुना म्हणजे पुन्हा तेवढेच दिवस लॉट अडकून पडणार.

आता नव्या माणसाच्या हातून होणारी चूक, जी रिपोर्टवर पटकन दिसत नाही. पहिल्या 50 मध्ये 2 खराब, दुसऱ्या 50 मध्ये 3. इन्स्पेक्टर तक्त्यात दुसऱ्या ओळीतला स्वीकार अंक 3 पाहतो आणि लॉट पास करतो. एकूण 5 झाले, लॉट नापास आहे. ही बेरीज राहिली की 6 टक्के खराब लॉट पास होण्याची शक्यता पंधरावरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर जाते, जवळजवळ दुप्पट. उपाय साधा आहे. रिपोर्टच्या फॉर्मात ‘दुसरा नमुना’ या रकान्याशेजारी ‘एकूण’ असा स्वतंत्र रकाना छापा, आणि स्वीकार-नकाराचे अंक त्या रकान्याखालीच लिहा. जुने रिपोर्ट चाळताना दुसऱ्या नमुन्यात 2 किंवा 3 खराब असूनही पास झालेले लॉट वेगळे काढून त्यांची एकूण बेरीज पाहिली की ही चूक लगेच सापडते.

तिची धाकटी बहीणही आहे. सिंगल प्लॅनमध्ये 80 मध्ये 3 खराब निघाले की ‘अजून एकदा 80 बघू’ म्हणायचं, आणि ते पास झाले की लॉट घ्यायचा. याला डबल सॅम्पलिंग म्हणत नाहीत. पहिल्या नमुन्याचा पुरावा फेकून दिल्यावर 6 टक्के खराब लॉट सुटण्याची शक्यता साडेतेरावरून 25 टक्क्यांवर जाते, आणि कामही वाढतं ते वेगळंच. दबाव डिस्पॅचकडून येतो की पुरवठादाराकडून, याने या आकड्यात काही फरक पडत नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटपैकी दोन नापास झाले की नॉर्मलवरून टाइटन्ड, म्हणजे अधिक कडक, तपासणीवर जावं लागतं. तिथे ‘जे’चा सिंगल प्लॅन 80 नगांचाच राहतो, स्वीकार अंक मात्र 1 होतो. डबलमध्ये पहिल्या 50 ला शून्य असेल तर पास, 2 असतील तर नापास, आणि नेमका 1 असेल तरच पुढे. दुसऱ्या 50 मध्ये मग एकही खराब चालत नाही, पहिला सापडला की काम थांबवा. मधली वाट अरुंद झाल्यामुळे दुसरा नमुना जास्तीत जास्त 37 टक्के वेळा लागतो आणि सरासरी 69 च्या वर जातच नाही. ज्या 3 टक्के मालावर नॉर्मलमध्ये डबलला एका मिनिटाचा वरखर्चही झेपत नव्हता, त्याच मालावर टाइटन्डमध्ये तो 58 मिनिटांपर्यंत झेपतो. म्हणजे पुरवठादार घसरला की प्लॅन बदलायचा का, हा प्रश्न टाइटन्डला गेल्यावर नव्याने सोडवावा लागतो, आणि 25 मिनिटांच्या वरखर्चावर त्याचं उत्तर डबल असं येतं.