सोसायटीच्या गणपतीत प्रोजेक्टरवर 'चित्र ओळखा': नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना एकाच टीममध्ये कसं खेळवायचं

आमची सोसायटी नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला आहे, गणपतीचे दहा दिवस रोज काहीतरी असतंच. दोन वर्षांपूर्वी आम्ही प्रोजेक्टर लावून मोबाईलवरची क्विझ घेतली होती. प्रश्न स्क्रीनवर, उत्तर प्रत्येकानं आपापल्या फोनवर दाबायचं आणि जो लवकर दाबेल त्याला जास्त मार्क. पंधरा मिनिटांत सातवी-आठवीतली चार मुलं पुढे निघून गेली, आजी-आजोबा चष्मा शोधत बसले आणि नंतर एकेक करून उठून गेले. प्रश्न सोपेच होते, पण सगळा खेळ वेगावर होता आणि वेगात साठीच्या पुढचा माणूस बारा वर्षांच्या पोराला गाठूच शकत नाही. म्हणून गेल्या वर्षी सगळं बदललं, ते कसं केलं ते पायरी-पायरीनं लिहितोय. साठेक माणसं खेळणार असतील असं धरून चाला.

आधी टीम, मग प्रश्न

तीन डब्यांत चिठ्ठ्या टाका: चौदा वर्षांपर्यंतची मुलं एका डब्यात, मधले सगळे दुसऱ्यात, साठीच्या पुढचे तिसऱ्यात. आमच्याकडे २४ मुलं, २४ मोठी आणि १२ ज्येष्ठ झाले, म्हणजे ६ टीम, प्रत्येकीत ४ मुलं, ४ मोठी, २ ज्येष्ठ. विंगप्रमाणे टीम करू नका, कारण एका विंगमध्ये सगळी नवीन जोडपी असतात आणि दुसरीत सगळे रिटायर्ड, मग खेळ सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो.

प्रत्येक टीमला एक पाटी आणि खडू द्या. आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, यावरच आमचा सगळा कार्यक्रम उभा राहिला: पाटीवर लिहिणार मूल, पण ती पाटी व्हॉलंटियरच्या हातात देणार फक्त त्या टीममधले आजी किंवा आजोबा. एवढ्या एका गोष्टीनं काय होतं ते बघा, मुलाला उत्तर आलं तरी त्याला मागे वळून आजोबांना पटवावं लागतं आणि आजोबांना आठवलं तरी कोणीतरी लिहायला लागतं, म्हणजे बोलणं झाल्याशिवाय पाटी पुढे जातच नाही. ओरडून उत्तर दिलं तर त्या प्रश्नाला शून्य. हे पहिल्या प्रश्नाला कडक पाळा, पुढे आपोआप पाळलं जातं.

प्रश्न कसा बनवायचा

एका फोटोच्या तीन स्लाईड करा. पहिलीत फोटोचा अगदी छोटा तुकडा मोठा करून, दुसरीत अर्धा फोटो, तिसरीत पूर्ण. प्रत्येक स्लाईड २० सेकंद. पहिल्या स्लाईडवर पाटी दिली आणि बरोबर आली तर ३ मार्क, दुसरीवर २, तिसरीवर १. एकदा पाटी दिली की बदलायची नाही, चुकलं तर शून्य. त्यामुळे घाई करणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

पण नुसता तुकडा ओळखणं हा परत नजरेचा खेळ झाला आणि नजर मुलांचीच तेज असते. म्हणून फोटो असा निवडायचा की दिसेल मुलाला पण कळेल मोठ्यांना. आमचा सगळ्यात रंगलेला प्रश्न सांगतो. पहिल्या स्लाईडवर नुसता शेंदरी दगड आणि खाली गढूळ पाणी. दुसरीवर एक हात आणि खांदा. तिसरीवर पूर्ण दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळचा, गोदावरीच्या पात्रातला, कमरेपर्यंत पाण्यात. मुलांनी शेंदूर बघून मारुती लगेच ओळखला पण कुठला ते त्यांना ठरवता येईना, पाणी बघून मोठ्यांच्या लक्षात आलं. उत्तर जाहीर झाल्यावर निवेदकानं फक्त एवढंच विचारलं की या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं की नाशिकमध्ये मोठा पूर म्हणतात? त्यावर चाळिशीतल्यांनी २०१९ च्या ऑगस्टमधला पूर काढला आणि एका आजोबांनी माईक हातात घेऊन १९६९ चा महापूर सांगितला, त्यांच्या आळीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं ते हातानं दाखवलं. पोरं तोंड उघडून ऐकत होती. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर दोन मिनिटं मोकळी ठेवा, ती वाया जात नाहीत, उलट लोक त्यासाठीच बसतात.

असे अजून काही फोटो नाशिकमध्ये सहज मिळतात: रंगपंचमीला रंगाचं पाणी भरतात ती रहाड, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसचं गेट, पांडवलेण्यांची पायवाट. जुन्या वस्तूंपैकी स्टोव्हची पिन, जातं, पितळी बंब. याच्या उलटेही तीन-चार प्रश्न ठेवा, म्हणजे चित्रं मुलांनी वाचायची आणि म्हण आजीनं सांगायची. उदाहरणार्थ कोल्हा, द्राक्षांचा घड आणि आंबट तोंड. किंवा गाढव, गुळाची ढेप आणि जीभ. मुलं 'गाढव गूळ खातंय' एवढंच म्हणत राहतात आणि आजी हसत हसत 'गाढवाला गुळाची चव काय' सांगतात. फोटो शक्यतो सोसायटीतल्याच कोणीतरी काढलेले घ्या, स्पष्ट मिळतात आणि कुठूनतरी उचलायची गरज पडत नाही.

एकूण प्रश्न बाराच ठेवा. तीन स्लाईडचा एक मिनिट, पाट्या गोळा करून तपासायला मिनिटभर, मग गप्पा, असा एक प्रश्न चार मिनिटांचा होतो, म्हणजे बारा प्रश्नांना ४८ मिनिटं. आम्ही पहिल्यांदा पंचवीस काढले होते, रंगीत तालमीत कळलं की जेवायला दहा वाजतील, निम्मे काढून टाकले. आरतीनंतर पावणेआठला सुरू केलं तर पावणेनऊच्या आत सगळे मोकळे.

अक्षरं आणि एका आजींची टेस्ट

आमचा पडदा ८ फूट रुंद होता आणि शेवटची रांग पडद्यापासून २८ फुटांवर. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण पडद्याच्या सातव्या भागाएवढी रुंद असते, म्हणून लॅपटॉपपासून ४ फूट लांब उभं राहून जे वाचता येतं तेच शेवटच्या रांगेतून वाचता येणार, हा हिशोब. मी स्वतः बघितलं तर सगळं दिसत होतं, मग शेजारच्या आजींना बोलावलं. त्या ४ फुटांवर खुर्चीत बसल्या आणि 'बंब' ला 'वंव' वाचलं, कारण मी बारीक टाईप घेतला होता आणि ब च्या पोटातली रेघ पुसट झाली होती. जाड टाईप केला, अक्षर दीडपट केलं, एका स्लाईडवर एकच ओळ ठेवली, मग त्यांनी चष्मा न सावरता वाचलं. ही टेस्ट साठीच्या पुढच्या माणसाकडूनच करून घ्या. काळी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढरी अक्षरं टाळा, पार्किंगमध्ये इकडून तिकडून उजेड येतोच आणि प्रोजेक्टरचा काळा रंग राखाडी दिसतो. फिकट क्रीम रंगावर जाड काळी अक्षरं सगळ्यात चांगली दिसली.

स्लाईड झाल्या की पीडीएफ करून घ्या. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी टाईप बदलून काना-मात्रा इकडे तिकडे होतात, पीडीएफमध्ये तसं होत नाही. अॅनिमेशन न वापरता तीन वेगळ्या स्लाईड करायच्या त्या यासाठीच, पीडीएफमध्ये अॅनिमेशन चालत नाही.

पार्किंगमधली मांडणी

गच्चीचा विचार करू नका, त्या दिवसांत पावसाचा भरवसा नाही आणि ज्येष्ठांना शेवटचा जिना चढावा लागतो. पार्किंगच बरं, फक्त स्लॅब खाली असतो. ८ फूट रुंद पडद्याची उंची साडेचार फूट होते, त्यामुळे पडद्याची खालची कड जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर येते. म्हणून पुढे खुर्च्या अजिबात नकोत. प्रत्येक टीमची एक उभी पट्टी करा: पुढे सतरंजीवर मुलं, त्यांच्या मागे हाताच्या खुर्च्यांवर दोघं ज्येष्ठ, त्यामागे मोठी माणसं. मुलं आजोबांच्या पायाशीच असतात, बोलायला उठावं लागत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या टीमच्या मध्ये तीन-चार फुटांची गल्ली सोडा, प्रोजेक्टरचं टेबल तिथे. भाड्यानं देणाऱ्याला दोन गोष्टी आधीच विचारा. पहिली, थ्रो रेशो किती, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट लांब प्रोजेक्टर ठेवावा लागतो: १.५ असेल तर ८ गुणिले १.५, म्हणजे पडद्यापासून १२ फुटांवर टेबल. दुसरी, चित्र ४:३ आहे का १६:९, कारण भाड्याचे बरेच प्रोजेक्टर ४:३ असतात आणि त्यावर रुंद स्लाईड टाकली की वर-खाली काळे पट्टे येऊन अक्षरं लहान होतात. तसा असेल तर स्लाईड त्याच मापात करा आणि पडद्याची उंची मोजून चित्र आटोपतं घ्या. ३००० ल्युमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर या मापाला पुरतो, पण पडद्यावर पडणारा हॅलोजन आणि मंडपाची लाईटची माळ बंद करायलाच हवी. मागचे आणि जिन्याजवळचे दिवे मात्र चालूच ठेवा, अंधारात कोणी अडखळायला नको. वायर गल्लीतून भिंतीकडे न्या आणि पूर्ण लांबीला टेप मारा, तुकड्या-तुकड्यानं मारलेल्या टेपमधून वायर वर येते.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, जरा उंचावर ठेवा. आमच्याकडे सुरुवातीला एक स्पीकर खुर्च्यांच्या शेजारी होता आणि एका काकांनी कानातलं मशीनच काढून ठेवलं, मग त्यांना काहीच ऐकू येईना. तो पुढे सरकवल्यावर मशीन परत लावलं.

संध्याकाळी सहाला करायची तालीम

केबल लावा, `Windows + P` दाबून `Duplicate` निवडा. एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉपचा आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरकडे जातो आणि मोठ्या स्पीकरमधून काहीच येत नाही, तेव्हा केबल तपासत बसू नका, टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. लॅपटॉप चार्जिंगला, मेसेजचे पॉपअप बंद, स्क्रीन आपोआप झोपू नये अशी सेटिंग. उजेडात चित्र फिकट दिसलं तर लगेच घाबरू नका, खरं चित्र साडेसातच्या अंधारातच कळतं, सहाला फक्त माप, आवाज आणि फोकस बघायचा.

लाईट गेली तर? लिफ्टच्या जनरेटरवर पार्किंगचे प्लग असतीलच असं नाही, आधी विचारून ठेवा. आम्ही पाच म्हणी कागदावर लिहून ठेवल्या होत्या, अर्धी निवेदकानं म्हणायची आणि उरलेली टीमनं पाटीवर लिहायची. आठव्या प्रश्नाला लाईट गेलीच, सहा-सात मिनिटं टॉर्चच्या उजेडात त्याच म्हणी चालल्या आणि त्यातली एक, 'आधी पोटोबा', सहाच्या सहा पाट्यांवर बरोबर आली, कारण तोवर स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागला होता.