बेवुल्फची ओळ: अक्षरं मोजू नका, तिसरा आघात शोधा

जुन्या इंग्रजीत 'बेवुल्फ' हे वीरकाव्य लागलं की आपण सवयीने ओळीतली अक्षरं मोजायला बसतो. ओव्या, अभंग कानात मुरलेले असतात ना! पण इथे तो हिशेब जुळत नाही. माझं पहिलं सत्र त्यातच गेलं, आणि अजूनही नवी ओळ दिसली की बोटं वळवळतातच.

ओळीचे दोन अर्ध, प्रत्येकात दोन ठळक आघात, हे तुम्हाला माहीत असेलच. आता चौथी आणि पाचवी ओळ मोठ्याने वाचा (उच्चार अंदाजे देतोय):

ऑफ्ट शिल्ड शेविंग | शाधेना थ्रेआटुम
मॉनेगुम मॅयथुम | मेओडोसेट्ला ऑफ्टेआख

शिल्ड नावाच्या डॅनिश राजाने शत्रूंच्या टोळ्यांकडून त्यांची मधुपानाची आसनं हिसकावली, असा अर्थ. पहिल्या ओळीत नऊ अक्षरं, दुसरीत अकरा. तरी ठेका तोच, कारण आघात दोन्हीकडे चारच.

आता सापळा. ओळीच्या दोन अर्धांना अनुप्रास बांधतो, आणि तो शोधणाऱ्याची नजर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जाते. पण अनुप्रास अक्षराला नसतो, आघाताला असतो. वरचा 'ऑफ्ट' ओळीत पहिला आहे, पण त्यावर आघात नाही. तो सोडून द्या. 'ऑफ्टेआख'मधला 'ऑफ्' नुसता उपसर्ग, आघात 'टेआख'वर. 'मेओडोसेट्ला' हा जोडशब्द, म्हणजे जोर 'मेओ'वर. 'सेट्'वर थोडा जोर येतो, पण चारांत तो धरायचा नाही. क्रियापदाआधीचे उपसर्ग बहुतेक वेळा असेच आघाताविना जातात. हे कळलं नाही, तर प्रत्येक ओळीत खोटा अनुप्रास सापडेल.

मग सुरुवात कुठून? उत्तरार्धाच्या पहिल्या आघातापासून. ओळीचा मालक तोच. पहिल्या ओळीत 'शा', दुसरीत 'मेओ'. त्याच्या ध्वनीशी पूर्वार्धातला एक किंवा दोन्ही आघात जुळतात: शिल्ड, शे; मॉ, मॅय. चौथा मात्र जुळत नाही. 'थ्रेआ', 'टेआख' मुद्दाम वेगळे राहतात आणि त्यामुळेच ओळ संपल्याचं कानाला कळतं. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार. काढला तरी वृत्त टिकतं. इथे काढला तर दोन अर्धांना बांधणारं काहीच उरत नाही.

'स्वर आले की मी हरलो' असं म्हणू नका. कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळतो. तेहतिसावी ओळ पाहा: ईझिय ऑन्ड ऊटफूस | ऍथेलिंगेस फॅर. ई, ऊ, ऍ हे तिन्ही जुळले. 'ऑन्ड' बिनआघाताचं, 'फॅर' एकटं.

खुणा केलेल्या तयार नोट्स मिळतात. माझं मत विचाराल तर त्या आधी उघडूच नका. खूण बघून वाचलं की कान काम करत नाही. मूळ हस्तलिखितात तर ओळीही पाडलेल्या नाहीत, मजकूर गद्यासारखा सलग लिहिलाय. तिथे ओळ कुठे तुटते, हे आघात आणि अनुप्रासावरूनच ओळखावं लागतं.