‘मिच्छामि दुक्कडं’ कधी म्हणायचं, आणि कोणी म्हटलं तर उत्तर काय द्यायचं?

गणेश चतुर्थीच्या दिवशी मोदकांच्या फोटोंमध्ये एखाद्या जैन ओळखीच्याचा मेसेज येतो: ‘मिच्छामि दुक्कडं’. मी एकदा त्याला ‘तुम्हालाही शुभेच्छा!’ असं उत्तर दिलं होतं. समोरचे काका सभ्य, त्यांनी हसून सोडून दिलं.

आधी अर्थ समजून घ्या. हे प्राकृत आहे आणि शब्द तीन आहेत: मिच्छा, मि, दुक्कडं. संस्कृतात ‘मिथ्या मे दुष्कृतम्’. म्हणजे ‘माझं वाईट कृत्य निष्फळ ठरो’. ‘इच्छामि’शी साम्य वाटल्यामुळे अनेकांना ‘मिच्छामि’ हे क्रियापद वाटतं, पण यात ‘मी क्षमा मागतो’ असं कुठेच नाही. मुळात हे प्रतिक्रमणातलं वाक्य. प्रतिक्रमण म्हणजे चुकीच्या वाटेवरून मागे फिरणं. त्यात झालेले दोष आठवत हे पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, अगदी चालताना पायाखाली आलेल्या किड्यामुंगीसाठीसुद्धा.

मग दिवस बघा. जैनांमधल्या श्वेतांबर पंथाच्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. त्यांच्यातले मूर्तिपूजक ती बहुधा भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पाळतात, स्थानकवासी आणि तेरापंथी पंचमीला. त्यामुळे मेसेज दोन दिवस येत राहतात. दिगंबर या दुसऱ्या पंथाचं दशलक्षण पर्व मात्र पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं, आणि त्यानंतर क्षमावाणी येते. तेव्हा ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडचे मराठी जैन बहुतेक दिगंबर, तेव्हा तिकडच्या मित्राला हेच म्हणा.

म्हणताना हात जोडा आणि जमलं तर चूक सांगा. ‘काका, मागच्या महिन्यात गाडी लावण्यावरून मी तुमच्यावर ओरडलो. मिच्छामि दुक्कडं.’ काही आठवत नसेल तर ‘मनाने, वाणीने, कायेने दुखावलं असेल तर’ एवढं पुरे. शंभर जणांना एकदम पाठवलेला मेसेज ज्याच्याशी खरंच भांडण झालं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला फोनच करावा.

उत्तरही तेच: ‘मिच्छामि दुक्कडं’. काही जण ‘खमत खामणा’ म्हणतात, तेही क्षमेचंच. ‘हॅपी’ लावू नका, आणि ‘असू दे, माफ केलं’ असं एकतर्फीही नको, कारण हिशेब दोघांचा असतो. ‘खामेमि सव्वे जीवा, सव्वे जीवा खमंतु मे’ या गाथेत मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीवांनी मला करावी, अशा दोन्ही बाजू आहेत.

एरवी वर्षभर भेटताना, फोनवर ‘जय जिनेंद्र’. जिन म्हणजे रागद्वेष जिंकलेला. श्वेतांबर साधू-साध्वी समोर आले तर ‘मत्थएण वंदामि’, म्हणजे मस्तकाने वंदन करतो. ‘अहिंसा’, म्हणजे इजा न करणं, हे व्रताचं नाव आहे, अभिवादन नव्हे; महावीर जयंतीला, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, फलकांवर ‘अहिंसा परमो धर्म:’ दिसतं, पण त्या दिवशीही भेटल्यावर म्हणायचं ते ‘जय जिनेंद्र’च.