दुकानात कॅमेरे किती लावायचे? या चुका टाळा

समजा, २० बाय ४० फुटांचं किराणा दुकान आहे. छत १० फुटांवर आणि मधोमध सहा फूट उंच रॅकची लांब रांग. इन्स्टॉलर म्हणतो, "२.८ एमएमचे दोन कॅमेरे कोपऱ्यांत लावू, सगळं कव्हर होईल." स्क्रीनवर सगळं दिसतंही. चोरी झाल्यावर झूम केलं, की चेहऱ्याच्या जागी नुसता डाग.

चूक 'दिसणं' आणि 'ओळखता येणं' एकच मानण्यात आहे. २.८ एमएम लेन्सचा आडवा कोन साधारण १०० अंश असतो (नेमका आकडा डेटाशीटवर पाहा). त्यामुळे दिसणारी रुंदी अंतराच्या सुमारे २.४ पट होते. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे १९२० आडवे पिक्सेल त्या रुंदीत वाटले जातात. अनोळखी माणूस ओळखायला मीटरमागे २५० पिक्सेल धरतात. तेवढे मिळायला रुंदी २५ फुटांपर्यंतच हवी, म्हणजे माणूस साडेदहा फुटांच्या आत हवा.

आता उंची बघा. कॅमेरा १० फुटांवर, चेहरा पाचवर. नजर २० अंशांहून जास्त खाली झुकली, की टोपी आणि कपाळच मिळतं. ते टाळायला माणूस १४ फुटांपलीकडे हवा. एक अट आत बोलावते, दुसरी बाहेर ढकलते. थोडक्यात, या कॅमेऱ्याला चेहरा नीट मिळेल अशी जागाच उरत नाही. असे आणखी चार लावले तरी तेच!

दाराचा कॅमेरा म्हणून ८ फूट उंचीवर लावायचा आणि सुमारे ८० अंशांचा, म्हणजे साधारण ३.६ एमएमचा घ्या. मग ८ ते १५ फुटांच्या पट्ट्यात चेहरा मिळतो. तो दारापासून १२ फूट आत, दाराकडे तोंड करून लावा. समोर शटरचा उजेड असतो, म्हणून अशा उजेडातही चेहरा काळा पडू न देणारा खरा डब्ल्यूडीआर असलेलाच घ्या.

रॅकच्या सावलीचा हिशेब तर कुणी करतच नाही. १० फुटांवरच्या कॅमेऱ्यापासून १२ फुटांवर सहा फुटी रॅक असेल, तर त्यामागची १८ फूट जमीन झाकली जाते. म्हणून रॅकच्या दोन्ही बाजूंच्या वाटांना दर्शनी भिंतीवरून आत बघणारा एकेक कॅमेरा लागतोच. या वाटांवरच्या, २५ अंश खाली झुकवलेल्या २.८ एमएम कॅमेऱ्याखालची सुमारे आठ फूट जमीन दिसत नाही. तिथे आलेला माणूस दाराच्या कॅमेऱ्यात येतो. गल्ल्यावर वेगळा कॅमेरा लावा. झाले चार.

ड्रिल मारण्याआधी कॅमेरा हातात धरून तपासा. कुणाला तरी दारातून गल्ल्यापर्यंत चालवा, एकदा दिवसा, एकदा शटर अर्धं ओढून. मोबाइलवरच्या लाइव्ह चित्रावर जाऊ नका, तिथे बहुतेकदा कमी पिक्सेलची हलकी सबस्ट्रीम येते. डीव्हीआरमधलं मुख्य रेकॉर्डिंग काढून चेहरा झूम करा.