देणगीदाराला आभार कळवताना हिशेबही कळवा

"तुमच्यामुळे मुलांचं आयुष्य उजळलं" असं देणगीदाराला लिहू नका, ते कुणालाच पडताळता येत नाही. समजा, सोलापुरात विडी कामगारांच्या ३० मुलांना दप्तरं द्यायची होती आणि एका काकांनी ५,००० रुपये दिले. मग असं लिहा: "काका, मनापासून आभार. २५० रुपयांप्रमाणे १८ दप्तरं घेतली, ४,५०० रुपये लागले. उरलेल्या ५०० च्या वह्या घेणार आहोत. १२ मुलं अजून बाकी आहेत." ही बाकी लपवू नका, पुढच्या वेळी विश्वास त्यावरच बसतो. हजेरी वाढली का, हे शाळेकडून कळेपर्यंत तसा दावा नको. सोबत दुकानाच्या बिलाचा फोटो पाठवा. मुलांचा मात्र पालकांना विचारूनच. आयकर सवलतीसाठीची पावती वेगळी द्या.