सारांश: तक्ता, मुद्दे की परिच्छेद?

सारांश लिहायला घेण्याआधी एवढंच ठरवा: वाचणारा तो वाचून लगेच काय करणार आहे? तुलना करणार असेल तर तक्ता, एकेक काम उरकत जाणार असेल तर मुद्दे आणि कारण समजून निर्णय देणार असेल तर सलग परिच्छेद.

समजा, ऑफिससाठी तीन प्रिंटर पाहिलेत. खरेदी विभागाला वेग, वॉरंटी आणि डिलिव्हरीचे दिवस शेजारी शेजारी हवेत, तेव्हा तक्ताच द्या. एककं मथळ्यात लिहा, म्हणजे चौकटीत नुसता आकडा राहतो. तोच तक्ता साहेबांना पाठवला तर उलट फोन येतो, "मग घ्यायचा कुठला?" कारण तक्त्यात 'पण' आणि 'म्हणून' मावत नाहीत. त्यांना असं लिहा: "दुसरा प्रिंटर घ्यावा. पहिला मिनिटाला १० पानं जास्त काढतो, पण त्याची वॉरंटी एकाच वर्षाची आहे आणि आपली छपाई दिवसाला २०० पानांच्या वर जात नाही, त्यामुळे त्या वेगाचा आपल्याला उपयोग नाही." हा मजकूर मुद्द्यांत तोडलात तर प्रत्येक तुकडा सारख्याच वजनाचा दिसतो आणि कारणाचा धागा सुटतो.

मुद्दे ठेवा प्रिंटर बसवणाऱ्यासाठी. एका मुद्द्यात एकच काम, आणि क्रमाला महत्त्व असेल तर आकडे घाला.

तक्ता चुकलाय हे चौकटींवरूनच कळतं: काहींत दोन-दोन वाक्यं कोंबलेली असतात, काही रिकाम्याच. शिवाय मोबाइलवर रुंद तक्ता आडवा सरकवावा लागतो आणि प्रिंटरचं नाव नजरेआड जातं.